अध्यक्ष वारलीत कसे आणावेत

सोसायटीच्या गणेशोत्सवाला महिना उरला आहे आणि पत्रिकेचं काम तुमच्या गळ्यात पडलं आहे. चूक तुमचीच. मागच्या बैठकीत चहा येईपर्यंतचा वेळ भरून काढायला तुम्ही ‘हल्ली एआय काय काय चित्रं काढतं’ असं म्हणालात आणि अध्यक्षांनी नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं. आता त्यांना पत्रिकेवर वारली चित्र हवं आहे. अगदी पारंपरिक. आणि त्या चित्रात सगळ्यांत पुढे ते स्वतः हवे आहेत, लांबून ओळखू येतील असे. बजेट शून्य, मुदत शुक्रवार.

डहाणू-तलासरीकडे वारली चित्रं काढणारे कलाकार आहेत, ते काम घेतात आणि उत्तम करतात. हा मार्ग आपण पहिल्या परिच्छेदानंतरच सोडून देऊ, कारण त्यात पैसे द्यावे लागतात. आपल्याला फुकटात तज्ज्ञ व्हायचं आहे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: शैली दाखवणारा फोटो, म्हणजे स्टाइल रेफरन्स, आणि माणूस किंवा वस्तू दाखवणारा फोटो, म्हणजे कंटेंट रेफरन्स. या दोघांत गोंधळ कसा घालायचा हे एकदा नीट शिकलात, की गोंधळ कसा टाळायचा ते आपोआप कळतं. खालच्या पायऱ्या मिडजर्नीवर बेतलेल्या आहेत. दुसरं साधन वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, फजिती तीच राहील.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. फाइलला ‘अध्यक्ष वारली’ असं नाव देऊन ग्रुपवर टाकू नका. घाईत लोक ‘अध्यक्ष वारले’ वाचतात, आणि मग संध्याकाळी त्यांच्या घरी पिठलं-भाताचे डबे जातात.

१. दोन्ही फोटो एकाच खणात कोंबा

नवशिक्याची खरी ओळख इथेच पटते, तेव्हा ही पायरी गाळू नका. अध्यक्षांचा फोटो घ्या, वारली चित्राचा फोटो घ्या, दोन्ही चित्र टाकायच्या पहिल्याच खणात टाका आणि पुढे काहीतरी गोड लिहा.

```
https://.../adhyaksha.jpg https://.../warli.jpg warli painting of this man
```

आता चार चित्रं येतील. एकात अध्यक्षांसारखा दिसणारा कोणी गृहस्थ वारली चित्र लावलेल्या भिंतीसमोर उभा असेल. दुसऱ्यात त्यांच्या शर्टावर वारली छपाई असेल, हातमागाच्या प्रदर्शनात मिळतो तसा शर्ट. तिसऱ्यात विटकरी रंगाचा एक माणूस असेल. चौथं कोणाला दाखवू नका.

असं का होतं? फोटो असा नुसताच प्रॉम्प्टच्या सुरुवातीला ठेवला, की त्याला ‘इमेज प्रॉम्प्ट’ म्हणतात आणि तो सगळंच देऊ करतो: माणूस, रंग, मांडणी, उजेड, भिंत. असे दोन फोटो ठेवलेत की दोघांचं सगळं एकत्र कालवलं जातं. यातल्या एकाकडून फक्त माणूस घ्यायचा आणि दुसऱ्याकडून फक्त शैली घ्यायची, हे तुम्ही मनात म्हणालात. प्रॉम्प्टला ते कळवलंच नाहीत. ‘या माणसाचं वारली चित्र’ या शब्दांतला ‘या’ कोणता, हे तुमच्या बोटाकडे पाहणाऱ्यालाच कळतं.

मिसळणं हेच हवं असेल, म्हणजे दोन फोटोंतून तिसरंच काही निघावं असं वाटत असेल, तर हा खण उत्तम आहे. तुम्हाला तसं वाटत नाही. तुम्हाला शुक्रवार गाठायचा आहे.

२. झोप येण्याआधी थोडं शास्त्र वाचा

2015 साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहरात गाटिस, एकर आणि बेथगे या तीन संशोधकांनी आपल्याच शहरातल्या नदीकाठच्या घरांचा फोटो घेतला आणि तो व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’च्या ढंगात उतरवून दाखवला. घरं तीच, नदी तीच, आभाळ मात्र भोवरे घालणारं. त्यांनी वस्तू ओळखायला शिकवलेलं एक तयार जाळं वापरलं आणि त्यातून दोन वेगळी मोजमापं काढली. फोटोत काय आहे आणि ते कुठे आहे, हे एक माप. तो आशय. दुसरं माप असं, की चित्रात कोणती खूण कोणत्या खुणेबरोबर येते. ती नेमकी कुठे येते ते विसरून. ती शैली.

हे समजायला पंगतीचं ताट आठवा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. कुठे काय वाढलं आहे, हा झाला आशय. आता जागा विसरा आणि एवढंच टिपा, की भात आहे तिथे वरण आहे आणि वरण आहे तिथे तूप आहे. ही झाली त्या घराची शैली. तोच नियम दुसऱ्या ताटाला लावला, तर भाताची मूद कोपऱ्यात सरकली तरी तिच्यावर वरण-तूप पडणारच.

ही फारकत कागदावर जितकी स्वच्छ वाटते तितकी ती राहत नाही. नंतरच्या बऱ्याच साधनांत तुमच्या फोटोचं आकड्यांच्या एका गाठोड्यात रूपांतर होतं, आणि त्या गाठोड्यात माणूस, भिंत, रंग, ब्रशचा फटकारा सगळं एकत्र बांधलेलं असतं. शैलीच्या खणात टाकलेल्या फोटोतून शैली गाळून घ्यायचा प्रयत्न होतो, पण गाळणीची भोकं मोठी असतात. शैलीबरोबर थोडा आशय निसटतो, आशयाबरोबर थोडी शैली निसटते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या गळतीच्या आहेत.

३. शैलीचा फोटो शक्य तितका वाईट काढा

मिडजर्नीत शैलीचा खण वेगळा आहे आणि टाइप करायचं असेल तर `--sref` लिहून पुढे फोटोचा पत्ता द्यायचा. ही सोय 2024च्या फेब्रुवारीत आली. त्याआधी लोक काय करत होते? पायरी एक.

आता फोटो. तुमच्या मावशींच्या हॉलमध्ये एक वारली चित्र टांगलेलं आहे. ट्यूबलाइटखाली उभे राहा, जरा तिरका कोन घ्या, म्हणजे काचेत तुमचा मोबाइल दिसेल. फ्रेम, खिळा आणि बाजूचा दिनदर्शिकेचा कोपरा आत येऊ द्या. चित्रात मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल फिरणारी नाचणाऱ्यांची साखळी असेल तर फारच छान.

हा फोटो `--sref` ला दिलात की काय मिळेल ते सांगतो. हिरवट पिवळी छटा, कारण ट्यूबलाइटचा रंग हाही शैलीचा भाग धरला जातो. चित्राभोवती फ्रेम, कारण ती तुम्ही दाखवलीत. आणि अध्यक्षांच्या मागे, त्यांना कोणीही न बोलावता, गोल करून नाचणारी माणसं.

त्या गोल साखळीवर क्षणभर थांबा, कारण खरा पेच तिथेच आहे. ती आशय आहे की शैली? व्हॅन गॉगच्या चित्रात फटकारे वेगळे काढता येतात. ते घरावर टाका, नाहीतर घोड्यावर टाका. वारलीत तसं नाही. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला, ही झाली सामग्री. पण दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणसाचं धड होतं, वर्तुळाचं डोकं होतं, लग्नाचा चौक चौकोनातच बसतो, तारप्याभोवतीचा नाच मळसूत्रासारखा फिरतो. या आकारांना ‘हात कसा चालतो’ म्हणायचं की ‘चित्रात काय आहे’ म्हणायचं? काढणाऱ्या बाईला विचाराल तर ती हा प्रश्नच वेडगळ ठरवेल. यंत्र तुमच्या मनातली रेघ ओळखू शकत नाही. त्याला जे दाखवलं त्यातलं ठळक ते उचलतं.

तेव्हा तज्ज्ञ काय करतो ते ऐका, आणि मग हवं तर करू नका. तो एक फोटो देत नाही, तीन देतो. एकात शेतीची कामं, एकात झाडं आणि माकडं, एकात नुसता चौक. तिन्ही सरळ समोरून, दिवसाच्या उजेडात, फ्रेम कापून. `--sref` पुढे एक जागा सोडून दुसरा पत्ता, पुन्हा जागा सोडून तिसरा. विषय तिन्हींत वेगळा, म्हणून कुठलाच विषय फारसा जोर धरत नाही. तिन्हींत जे समान आहे तेवढंच ठळक होतं: गेरू, पांढरी रेघ, त्रिकोण. मूळ युक्ती एवढीच. शैली दाखवायची असेल तर आशय बदलत राहा.

४. कुकर लावा

या पायरीला कोणत्याही पुस्तकात जागा मिळालेली नाही, म्हणून ती माझ्या नावावर समजा. शैलीचे फोटो बसवल्यावर थेट अध्यक्षांकडे वळू नका. आधी वारली भिंतीशी काडीचा संबंध नसलेली वस्तू मागवा.

```
a pressure cooker on a gas stove --sref https://.../w1.jpg https://.../w2.jpg https://.../w3.jpg
```

कुकर गेरूच्या जमिनीवर पांढऱ्या रेघांत, शिट्टीसकट आला, तर तुमची शैली बसली. कुकरभोवती फेर धरून माणसं नाचत असतील, तर आशय गळतो आहे. तो फोटो काढून टाका किंवा त्याचा वेगळा तुकडा कापा. कुकर स्टीलचा, चकचकीत, जाहिरातीतला निघाला आणि मागे फक्त भिंत विटकरी झाली, तर शैली कमी पडली. तेव्हा `--sw` वाढवायचा. हा शैलीचा जोर. 0 ते 1000 चालतो आणि काही न लिहिल्यास 100 असतो.

नवशिक्यांचा आवडता आकडा 1000 आहे. वापरून पाहा. कुकर शोधायला भिंग लागेल.

मी स्वतः या पायरीवर दोन संध्याकाळी घालवल्या. घरात विचारणा झाली, की गणपतीच्या पत्रिकेवर कुकर का. एवढंच एक त्यातलं वाईट.

५. अध्यक्षांचा सत्काराचा फोटो वापरा

आता आशयाचा खण. अध्यक्षांकडे फोटो मागा. ते तुम्हाला सत्काराचाच देतील, त्यांच्याकडे दुसरा नाहीच. गुलाबी शाल, श्रीफळ, गळ्यात हार, शेजारी खजिनदार आणि दोन नगरसेवक, मागे फ्लेक्स. हा फोटो न कापता टाका.

मिडजर्नीत माणूस टिकवून ठेवायला आधी `--cref` होतं, तेही 2024 मधलंच. त्याच्या सोबतीला `--cw` असायचं: 100 ठेवलं तर चेहरा, केस, कपडे सगळं धरायचं, 0 ठेवलं तर फक्त चेहरा. गंमत म्हणजे ते मुळात साधनानेच बनवलेल्या काल्पनिक पात्रांसाठी होतं. खऱ्या माणसांचे फोटो दिले तर चेहरा बिघडेल असं बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलं होतं. सातव्या आवृत्तीत त्या जागी `--oref` आलं. त्याला माणूस, वस्तू, गाडी, प्राणी यांतलं काहीही चालतं, पण फोटो एकच. त्याचा जोर `--ow`, 1 ते 1000, न लिहिल्यास 100. आणि एक चित्र काढायला दुप्पट वेळ मोजला जातो, हे वर्गणीतून चालवत असाल तर खजिनदारांना आत्ताच सांगा.

सत्काराच्या फोटोतून काय येईल? शाल येईल. शाल ही अध्यक्षांची कायमची त्वचा आहे असंच त्या फोटोवरून कोणालाही वाटेल. चार चेहरे आहेत, त्यांतला कोणता तुमचा हे तुम्ही सांगितलेलं नाही, त्यामुळे अध्यक्षांच्या मिशीखाली खजिनदारांची हनुवटी येऊ शकते. आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश येईल. फोटो हीसुद्धा एक शैली आहे, हे नवशिक्याला कधी सुचत नाही. तुम्हाला वाटतं तुम्ही ‘माणूस’ दिलात. तुम्ही ‘फ्लॅशमध्ये काढलेला माणूस’ दिलात.

म्हणून आशयाच्या फोटोचा नियम शैलीच्या फोटोच्या अगदी उलटा. तिथे विषय बदलत ठेवायचा होता, इथे विषय एकटा पाडायचा: एकच माणूस, साधी भिंत, सपाट उजेड, चेहऱ्यावर सावली नाही, हातात काही नाही, गळ्यात तर नाहीच. अध्यक्षांना खिडकीपाशी उभं करून दोन मिनिटांत होण्यासारखं काम आहे. ते ‘हार नको का?’ विचारतील. नको म्हणा. इथे धैर्य लागतं.

६. दोन आकड्यांची कुस्ती लावा आणि दमून जा

सगळं नीट केलंत, तरी तुम्ही हरणार आहात, हे आता सांगतो. आधी सांगितलं असतं तर तुम्ही पाचव्या पायरीपर्यंत आलाच नसता.

अध्यक्षांचं म्हणणं, ओळखू आलो पाहिजे. ओळख त्यांच्या मते चेहऱ्यात आहे: मिशी, चष्मा, कपाळावरचा तीळ. आणि वारली माणसाला चेहरा नसतो. वर्तुळ असतं. डोळे, नाक, मिशी यांची जागा तिथे रिकामी आहे, आणि ती रिकामी असणं हीच ती शैली आहे. आशय म्हणतो तीळ ठेव, शैली म्हणते तोंडच पूस.

आता `--ow` 400 करा. त्रिकोणांच्या धडावर अध्यक्षांचा गोरापान, उजळलेला चेहरा येईल, जणू ओळखपत्रावरचा फोटो कापून भिंतीवर डकवला आहे. चष्म्यात फ्लॅशसुद्धा दिसेल. बरं, `--ow` 25 करा. शैली बदलायची असली की हा जोर खाली आणावा आणि शैली शब्दांतही लिहावी, हा सल्ला बरोबरच आहे. आता चित्र सुरेख येईल, आणि त्यातला माणूस अध्यक्ष असेल, मी असेन किंवा तुम्ही असाल. मग `--sw` वर, `--ow` खाली, पुन्हा उलट, 60 आणि 350, 150 आणि 200. रात्रीचे साडेबारा वाजतील. मधल्या कुठल्याशा आकड्यावर वर्तुळाला मिशी फुटेल आणि तुम्हाला वाटेल, जमलं. सकाळी पाहाल तेव्हा तो माणूस नसून मांजर असेल.

जोराचे आकडे दोन फोटोंमधला वाद मिटवतात, पण वाद तत्त्वाचा असेल तर फक्त कोण जिंकलं एवढंच ठरवतात. म्हणून आकड्यांना हात लावण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: माझ्या आशयातलं काय काय या शैलीत जिवंत राहू शकतं? तैलरंगात चेहरा राहतो. व्यंगचित्रात नाक राहतं, वाढतंच. कशिद्यात बारकावा जातो, रंग राहतो. वारलीत राहते ती बाह्यरेषा आणि हातातली वस्तू.

तेव्हा अध्यक्षांकडे चेहरा सोडून बघा. माणूस बुटका, पोट पुढे, जून ते ऑक्टोबर हातात लांब दांड्याची छत्री, पाऊस असो वा नसो. ती छत्री ते पार्किंगमध्ये चुकीच्या गाड्यांकडे रोखतात. सोसायटीतली पोरं त्यांना त्या छत्रीवरूनच लांबून ओळखतात आणि पळतात. ओळख मिळाली.

७. मेंटेनन्सच्या बिलामागे चित्र काढा

आता आशयाचा फोटो फेकून द्या. दोन दिवसांची मेहनत होती, मला वाईट वाटतं. बिलाच्या कोऱ्या बाजूवर काळ्या स्केचपेनने अध्यक्षांची सावली काढा: पोट, छत्री, पुढे झुकलेली मान. आत भरून टाका. मागे चार मजल्यांच्या इमारतीची नुसती चौकट. चित्रकला येत नसेल तर अधिकच उत्तम, बारकावे आपोआप गळतील.

या चित्रात काय आहे? आकार आणि जागा. काय नाही? उजेड, त्वचा, कापड, फ्लॅश. म्हणजे ज्याला शैली म्हणता येईल असं त्यात फार थोडं उरलं आहे, आणि जे नाही ते गळूही शकत नाही. तिसऱ्या पायरीत शैलीच्या फोटोतून आशय काढून घेतला होता, इथे आशयाच्या चित्रातून शैली काढून घेतली. एवढं केलं की ती पहिल्या पायरीतली साधी इमेज प्रॉम्प्टची जागाही पुरते, जोर जरा कमी ठेवून. तिचा जोर `--iw`, 0 ते 3, न लिहिल्यास 1. कमी अशासाठी, की बिलाचा पांढरा कागद गेरूच्या जमिनीशी भांडू नये. अ‍ॅडोबी फायरफ्लायसारख्या साधनांत रचनेसाठी आणि शैलीसाठी असे दोन वेगळे खणच असतात. तिथे ही सावली रचनेच्या खणात जाते.

```
https://.../savli.jpg short round-bellied man holding a long umbrella, leading people who carry a Ganesha idol, four-storey building behind --iw 0.5 --sref https://.../w1.jpg https://.../w2.jpg https://.../w3.jpg --sw 300
```

शब्दांकडे बघा. शैलीचं एक अक्षर नाही, कारण ती तीन फोटोंनी सांगून झाली. पोट, छत्री, मूर्ती, इमारत हे सगळे आशयाचे शब्द. नवशिक्या इथे हमखास ‘अतिवास्तव, सिनेमासारखा उजेड, 8के’ असं काहीतरी चिकटवतो, कारण कुठेतरी वाचलेलं असतं. चिकटवा. शैलीचे फोटो एकीकडे ओढतील, तुमचे शब्द दुसरीकडे, आणि अध्यक्ष मधोमध प्लास्टिकचे होतील. उलट आशयाचा फोटो दिलेला असेल आणि शैलीचा नसेल, तेव्हा शैलीचं वर्णन शब्दांत करावंच लागतं. नाहीतर जो फोटो दिला त्याचीच शैली आयती घुसते.

८. काय कधी द्यायचं, हे शेजाऱ्यांना न विचारता ठरवा

जगात एकच आहे आणि कोणाला शब्दांत सांगून कळणार नाही, अशा गोष्टीला आशयाचा फोटो: तुमची इमारत, तुमचा कुत्रा, मंडळाची ठरलेली मूर्ती. गुलमोहराला फोटो लागत नाही, ‘गुलमोहर’ पुरतं.

ज्या हाताला नाव नाही, त्याला शैलीचा फोटो: आजीच्या गोधडीचा टाका, कोपऱ्यावरच्या दुकानाची रंगवलेली पाटी. नाव असलेल्या शैलीला नुसतं नाव लिहूनही चालतं, पण मग जे येतं ते सरासरीचं असतं. `warli painting` एवढंच लिहाल तर उशीच्या अभ्र्यावरचं वारली येईल. जिव्या सोमा मशे यांच्या कागदावर तीच त्रिकोणी माणसं शेकड्यांनी कशी हलती वाटतात, ते त्यात शोधू नका. तेवढ्यासाठी त्यांची चित्रं `--sref` ला द्यावीत असंही मनात आणू नका. एका माणसाचा हात उसना घेऊन त्यावर सोसायटीचं नाव टाकणं याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. वारलीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, पत्रिकेखाली ‘अस्सल वारली’ छापण्याआधी ते आठवा.

ठिपक्यांच्या रांगोळ्यांप्रमाणे शैलीचे आकडेही मिळतात. `--sref random` लिहिलं की साधन एखादी शैली स्वतःच उचलतं आणि तिचा क्रमांक दाखवतं. तोच क्रमांक पुन्हा दिला की तीच शैली. सेक्रेटरींच्या मुलाने असे क्रमांक वहीत उतरवून ठेवले आहेत आणि वही तो कोणाला दाखवत नाही.

९. सोसायटीचं नाव यंत्राला लिहू देऊ नका

दिलंत तर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’ची जोडाक्षरं अशी फुटतील की ती मराठी आहे हे फक्त शिरोरेषेवरून कळेल. अक्षरं शेवटी वेगळी बसवा.

१०. ग्रुपवर टाका आणि फोन बंद करा

चित्र चांगलं झालं आहे. गेरूची जमीन, पांढरी मिरवणूक, मागे चार मजले, आणि सगळ्यांत पुढे गोल पोटाचा एक बुटका त्रिकोण, हातात छत्री रोखलेली. पहिल्या मिनिटात तळमजल्यावरच्या काकूंचा निरोप येईल, ‘अगदी आपले अध्यक्ष!’ दुसऱ्या मिनिटात अध्यक्ष विचारतील, चेहरा कुठे आहे. तुम्ही परंपरेचं नाव सांगून वेळ मारून न्याल. तेवढ्यात खजिनदारांचा निरोप येईल. त्यांनी दोन वेळा हात जोडले आहेत, आपल्याला न विचारता एवढा मान दिल्याबद्दल समितीचे आभार मानले आहेत, आणि खाली आपला परवाचा फोटो टाकला आहे. पोट तेवढंच आहे. छत्री जरा जास्त लांब आहे.